वाह, फझ आणि डिले एकत्र वाजवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही तिन्ही पेडल्स सुटी वाजवली तर फारशी अडचण येत नाही. तक्रारी सुरू होतात त्या एकमेकांना जोडल्यावर: वाह मेल्यासारखा वाटतो, फझ शिट्टी मारतो, डिलेचा चिखल होतो. नामांकित रॉक गिटारवादकांचे ओळखीचे टोन बहुतांशी याच जोडांवर घडलेले आहेत, म्हणून खालचे प्रश्न पेडल विकत घेण्याबद्दल नसून ती जोडण्याबद्दल आहेत. फझ म्हटलं की इथे दोन ट्रान्झिस्टरचा, 'फझ फेस' जातीचा फझ धरला आहे. सगळ्यात गोड आवाजही त्याचाच आणि सगळ्यात जास्त नखरेही त्याचेच.

तिघांचा क्रम काय ठेवावा?

सुरुवातीला गिटार, वाह, फझ, डिले, ॲम्प. जिमी हेंड्रिक्सच्या स्टेजवर वाह आधी आणि फझ नंतर असे. आजही कित्येक वादक इथूनच सुरू करतात.

डिले शेवटी ठेवण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फझ आलेला सिग्नल इतका वाढवतो की लाटेचे वरचे-खालचे शेंडे कापले जातात. त्यामुळे जोरात आलेला आणि हळू आलेला स्वर बाहेर पडताना जवळजवळ सारख्याच आवाजाचे होतात. डिले फझच्या आधी लावला तर पहिला रिपीट निम्म्या जोराचा असूनही फझ त्याला पुन्हा पूर्ण उंचीवर नेतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रिपीटचंही तेच होतं. रिपीट हळूहळू विरत नाहीत, सगळे एकाच जोरात आदळत राहतात आणि मग एकदम तुटतात.

त्याहून मोठी अडचण दुसरी आहे. तुम्ही नवा स्वर वाजवता तेव्हा मागच्या स्वराचा रिपीटही त्याच वेळी फझमध्ये शिरतो. दोन वेगळे स्वर एकत्र कापले गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे, सुरात नसलेले स्वर तयार होतात. गुळण्या केल्यासारखा जो आवाज येतो तो हाच. ब्रायन मे 'ब्रायटन रॉक'चा सोलो स्टेजवर वाजवताना मूळ स्वर आणि त्याचे दोन रिपीट तीन वेगवेगळ्या ॲम्पना पाठवत असे. ॲम्प ओव्हरड्राइव्ह झालेले असले तरी प्रत्येकात एकच आवाज जात असल्यामुळे तिन्ही ओळी स्वच्छ ऐकू येत.

तुमचा फझ बंद असेल पण ॲम्पचं प्रीॲम्प डिस्टॉर्शन देत असेल, तरी हाच नियम लागू होतो. अशा वेळी डिले ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये टाका. जुन्या ॲम्पना लूप नव्हते, त्यामुळे इकोप्लेक्ससारखी टेप मशिन थेट इनपुटला लागत आणि रिपीट थोडे बरबटत. तो बरबटलेला आवाज काहींना हवाच असतो. हवा असेल तर मुद्दाम करा, नकळत होऊ देऊ नका.

फझ चालू केला की वाहचा स्वीप जवळजवळ नाहीसा होतो. वाह बिघडला आहे का?

बहुधा नाही. फझ बंद करून वाह एकटा वाजवा. स्वीप पूर्ण मिळत असेल तर वाह ठीक आहे आणि दोष जोडाचा आहे.

व्हॉक्स आणि क्राय बेबी घराण्यातल्या वाहमध्ये ५०० मिलिहेन्रीच्या आसपासचा इंडक्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. या दोघांमुळे सिग्नलमध्ये एका ठिकाणी उंचवटा तयार होतो. पाय चवड्यावर पूर्ण दाबला की तो साधारण २२०० हर्ट्झला असतो. टाच दाबली की मंडळ त्या कपॅसिटरला पंचवीसेक पट मोठा असल्यासारखं वागवतं आणि उंचवटा ४५० हर्ट्झच्या आसपास उतरतो. वाहचा 'बोलल्यासारखा' आवाज म्हणजे या उंचवट्याचा प्रवास.

आता अडचण अशी की या मंडळात बाहेर जाणारा सिग्नल आणि उंचवटा घडवणारा सिग्नल एकाच ठिकाणाहून, पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरून निघतात. पुढच्या पेडलने तिथून फारसा करंट ओढू नये अशी अपेक्षा असते. बहुतेक पेडल्सचा इनपुट इम्पीडन्स काही शे किलोओम असल्याने ती अपेक्षा पूर्ण होते. फझ फेसचा इनपुट मात्र जेमतेम काही किलोओमचा. त्याचा भार पडला की त्या कलेक्टरवरचा सिग्नल खचतो, उंचवटा बुटका होतो आणि पेडल हलवूनही काही घडत नाही.

मग उपाय काय?

सगळ्यात नेटका उपाय म्हणजे वाहच्या खोक्यात, मंडळाच्या आउटपुटनंतर आणि फूटस्विचच्या आधी एका ट्रान्झिस्टरचा छोटा बफर बसवणं. बफर म्हणजे पुढच्या पेडलचा भार मागच्यावर पडू न देणारं मंडळ. जागेला इथे महत्त्व आहे. बफर फूटस्विचच्या आत असला की तो फक्त वाह चालू असतानाच मध्ये येतो. वाह बंद केला की गिटार पुन्हा थेट फझला भिडते, आणि तसं भिडणं का गरजेचं आहे ते पुढच्या उत्तरात आहे. वाह आणि फझच्या मध्ये सुटं बफर पेडल ठेवलं तर वाह नक्की सुधारतो, पण वाह बंद असतानाही फझचा आवाज बिघडलेलाच राहतो.

खोकं उघडायचं नसेल तर दोघांच्या मध्ये, सिग्नलच्या वाटेत एक रेझिस्टर टाका. २२ ते ६८ किलोओमच्या दरम्यान काहीतरी जमतं. नेमकी किंमत शोधण्यासाठी १०० किलोओमचा पॉट बदलत्या रेझिस्टरसारखा जोडा, पेडल हलवत राहा आणि स्वीप परत येईपर्यंतच पॉट वाढवा. तिथे थांबून मल्टिमीटरने पॉट मोजा आणि जवळच्या किमतीचा रेझिस्टर सोल्डर करा. याची किंमत म्हणजे फझची थोडी धार जाते, गिटारचा व्हॉल्यूम जरासा उतरवल्यासारखी. वाह फारसा न वापरणाऱ्याला हे पुरतं.

तिसरा मार्ग म्हणजे फझच बदलणं. बिग मफसारख्या चार ट्रान्झिस्टरच्या पेडलचा इनपुट इतका हावरट नसतो, त्यामुळे वाहला त्रास खूपच कमी होतो. पण तो वेगळा आवाज आहे: सस्टेन लांबलचक आणि टोन नॉब मध्यावर असताना मिड्स आत गेलेले.

वाह फझच्या नंतर लावला तर?

तेही करून पाहा, कारण तो निव्वळ पर्याय नाही, वेगळं वाद्य आहे. वाह आधी असतो तेव्हा तो फझला सांगतो की कोणता भाग जास्त कापायचा. परिणाम घशातून बोलल्यासारखा आणि काहीसा दबलेला येतो. वाह नंतर असतो तेव्हा फझने बनवलेल्या असंख्य हार्मोनिक्सवरून तो चाळणीसारखा फिरतो. स्वीप प्रचंड मोठा मिळतो, सिंथेसायझरकडे झुकणारा. चवडा दाबलेल्या टोकाला तो कानाला टोचतो, म्हणून फझचा व्हॉल्यूम नेहमीपेक्षा खाली ठेवावा लागतो.

डिले दोन्हींच्या पुढेच असू द्या. मग प्रत्येक रिपीटमध्ये तो स्वर वाजला तेव्हाची वाहची स्थिती गोठलेली राहते. डिलेच्याही नंतर वाह लावला तर विरत जाणारे जुने रिपीटही तुमच्या पायासोबत डोलू लागतात. एखाद्या शेवटच्या लांब स्वरासाठी ते छान आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की फझ स्वच्छ होतो म्हणतात. माझा होत नाही. का?

गिटार आणि फझच्या मध्ये काय आहे ते आधी पाहा. ट्यूनर, वायरलेस रिसीव्हर, किंवा ट्रू बायपास नसलेलं कोणतंही पेडल असेल तर त्यात बहुधा बफर आहे.

फझ फेस थेट गिटारच्या पिकअपला जोडलेला असतो तेव्हा पिकअप, व्हॉल्यूम पॉट आणि फझचा पहिला ट्रान्झिस्टर मिळून एकच मंडळ बनतं. व्हॉल्यूम १० वरून ८ वर आणला की पॉटचा काही दहा किलोओमचा अडथळा वाटेत येतो. फझचा इनपुट मुळातच काही किलोओमचा असल्याने एवढ्यानेही सिग्नल झपाट्याने घटतो आणि कापणं थांबतं. आवाज मात्र फारसा कमी होत नाही, कारण कापलेला सिग्नल तसाही दाबलेलाच होता. उरतो तो चकाकणारा, किंचित खरखरीत क्लीन टोन, जो नुसत्या ॲम्पमधून मिळत नाही. हेंड्रिक्सच्या कित्येक क्लीन वाटणाऱ्या ओळी फझ चालूच ठेवून, गिटारचा नॉब उतरवून वाजवलेल्या आहेत.

मध्ये बफर आला की फझला पॉट दिसतच नाही. व्हॉल्यूम उतरवला तरी बफरमागून येणारा सिग्नल ताकदवानच राहतो, ट्रेबल बोचरे होतात आणि फझ करवतीसारखा वाजतो. उपाय एकच: फझच्या आधीचं सगळं बफरवालं काढून त्याच्या पुढे न्या. ट्यूनर फझनंतर ठेवायला काहीच हरकत नाही, ट्यून करताना फझ बंद केला की झालं.

जर्मेनियम फझ सकाळी मस्त वाजतो आणि रात्री गिगला फुसफुसतो. पेडल खराब आहे का?

पेडल गरम झालं आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट कायम गळत असतो आणि तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढलं की ही गळती अंदाजे दुप्पट होते. फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरची स्थिती दुसऱ्याला ठरवते, त्यामुळे पहिल्याची गळती वाढली की दोघांचाही तोल जातो. स्वर सुरू होतो आणि विरताना मध्येच तुटतो, किंवा हळू वाजवलेला स्वर येतच नाही. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या फझला हा त्रास जवळजवळ नसतो. मात्र तो जास्त बोचरा असतो आणि रेडिओ स्टेशनही जास्त पकडतो.

हा तोल, म्हणजे बायस, मोजता येतो. जॅकमध्ये केबल लावून पेडल चालू ठेवा. मल्टिमीटरचं काळं टोक ग्राउंडला आणि लाल टोक दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला लावा. ९ व्होल्टची बॅटरी असेल तर तिथे साधारण ४.५ व्होल्ट हवेत. जुन्या पद्धतीच्या पीएनपी पेडलमध्ये आकडा उणे दिसेल, ते बरोबरच आहे.

समजा ६.६ व्होल्ट आले. कलेक्टरवर मूळ आराखड्याप्रमाणे ८.२ किलोओम आणि ४७० ओम, म्हणजे एकूण ८.६७ किलोओम आहेत. त्यांच्यावर ९ वजा ६.६, म्हणजे २.४ व्होल्ट पडताहेत. भागाकार केला तर करंट ०.२७७ मिलिॲम्पिअर. मध्यावर यायला ४.५ व्होल्ट पडायला हवेत, त्यासाठी ४.५ भागिले ०.२७७, म्हणजे सुमारे १६.२ किलोओम. त्यातून ४७० ओम वजा केले की ८.२ च्या जागी १५.८ किलोओम हवेत असं उत्तर येतं. प्रत्यक्षात तिथे २० किलोओमचा ट्रिमपॉट बसवून ४.५ दिसेपर्यंत फिरवतात आणि मग कानाने थोडं पुढेमागे करतात. ५ व्होल्टच्या जवळ काहींना जास्त आवडतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. सोल्डर केल्यावर लगेच मोजू नका. ट्रान्झिस्टर तापलेला असतो आणि आकडा फसवतो, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आणि मोजमाप जिथे वाजवणार तिथल्या तापमानाला करा. एसी खोलीत नेमका लावलेला बायस स्टेजच्या दिव्यांखाली सरकणारच. म्हणून काही पेडल्सना बायसचा नॉब बाहेरच दिलेला असतो.

वाह एका जागी अडकवून ठेवण्याचं तंत्र म्हणजे नेमकं काय?

वाह चालू करायचा आणि पेडल मधेच कुठेतरी सोडून द्यायचं. मग तो स्वीप देत नाही, एका ठरावीक पट्टीला उचल देणारा फिल्टर होतो. फझच्या आधी असा वाह ठेवला की नाकातून गायल्यासारखा, घट्ट, बँडमधून आरपार ऐकू येणारा लीड टोन मिळतो. मिक रॉनसन आणि मायकल शेंकर यांच्या टोनची ही खूण आहे.

जागा शोधताना बँडसोबत, निदान बेस आणि ड्रम्सच्या ट्रॅकसोबत वाजवा. एकट्याने शोधलेली जागा बहुतेक वेळा चुकीची निघते, कारण एकट्याला भरदार आवाज आवडतो आणि बँडमध्ये तोच भाग बेसखाली गडप होतो. तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटला स्वर धरून पेडल टाचेकडून सावकाश पुढे न्या. एका ठिकाणी स्वर पुढे सरसावल्यासारखा वाटतो आणि सस्टेन वाढतो, तिथे थांबा. खोक्याच्या बाजूला, पेडलची कड जिथे येते तिथे पांढऱ्या टेपची रेघ मारा. पेडल आपोआप खाली घसरत असेल तर आतल्या दातेरी पट्टीला दाब देणाऱ्या क्लिपचा स्क्रू किंचित आवळा.

डिले किती मिलिसेकंदांवर ठेवावा?

गाण्याच्या लयीवरून काढा. ६०,००० ला बीपीएमने भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. त्याच्या पाऊणपट घेतलं की डॉटेड एट्थ, म्हणजे यू२ बँडच्या द एजच्या वादनाने जगभर पसरलेला तो नागमोडी डिले. १०० बीपीएमला एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, पाऊण ठोका ४५० चा.

४५० मध्ये काय विशेष आहे ते वेळा मांडून पाहा. तुम्ही सरळ अर्ध्या-अर्ध्या ठोक्याला वाजवताय, म्हणजे ०, ३००, ६००, ९०० मिलिसेकंदांवर. पहिल्या स्वराचा रिपीट ४५० वर येतो, दुसऱ्याचा ७५० वर, तिसऱ्याचा १०५० वर. प्रत्येक रिपीट तुमच्या दोन स्वरांच्या बरोबर मध्ये पडतो. ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही दुप्पट वेगाने वाजवताय. पहिल्या स्वराचा दुसरा रिपीट ९०० वर येतो, तिथे तुम्ही नवा स्वर वाजवता आणि तो त्याखाली लपतो. म्हणून या डिलेत दोन-तीन रिपीट असले तरी गोंधळ होत नाही.

पेडलवर आकडे नसतील तर एक खात्रीची युक्ती आहे. पाऊण ठोक्याचे चार रिपीट म्हणजे बरोबर तीन ठोके. मेट्रोनोम १०० वर लावा, फीडबॅक थोडा वाढवा आणि ठोक्यावर एकच मफल केलेला स्वर मारून थांबा. चौथा रिपीट तीन ठोक्यांनंतरच्या टिकवर चपखल बसला पाहिजे. आधी आला तर वेळ वाढवा, नंतर आला तर कमी करा. एका रिपीटमध्ये झालेली १० मिलिसेकंदांची चूक चौथ्या रिपीटपर्यंत ४० ची होते, म्हणून ती या पद्धतीत सहज पकडली जाते.

फझसोबत डॉटेड एट्थ वाजवला की नुसता गोंगाट होतो. सेटिंग चुकतंय का?

सेटिंगपेक्षा निवड चुकते आहे. तालाचा डिले ऐकू यायला प्रत्येक स्वराला सुरुवातीचा टणका लागतो. फझ नेमका तो टणका दाबून स्वर लांबवतो. लांबलेल्या स्वराखाली रिपीट बुडतात आणि आवाज फक्त जाड होतो.

म्हणून रिपीट मोजून ऐकवायचे असतील तिथे गिटारचा व्हॉल्यूम ६ च्या आसपास उतरवा आणि डिलेचा मिक्स मूळ आवाजाच्या जवळपास बरोबरीने ठेवा. फझ पूर्ण सोडायचा असेल तिथे उलट करा: वेळ लांब, मिक्स पावपट, रिपीट तीन-चार. वाजवताना डिले जाणवत नाही, पण ओळ संपून हात उचलला की शेपूट ऐकू येते. डेव्हिड गिल्मरच्या फझवाल्या सोलोंमधला डिले या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याची वाक्यं सुटी-सुटी असतात आणि मधल्या जागा डिले भरतो. भराभर वाजवणाऱ्याने तीच सेटिंग लावली तर शेपटीला जागाच मिळत नाही.

ॲनालॉग डिले की डिजिटल?

फझनंतर ॲनालॉगला एक नैसर्गिक सोय आहे: त्याचे रिपीट अंधारे असतात, त्यामुळे फझच्या वरच्या हार्मोनिक्सची पुनरावृत्ती होत नाही. हे अंधारेपण कुठून येतं? एमएन३००५ सारख्या चिपमध्ये ४०९६ टप्पे असतात आणि सिग्नल क्लॉकच्या तालावर एकेक टप्पा सरकतो. डिलेची वेळ म्हणजे टप्पे भागिले क्लॉकची दुप्पट. ३०० मिलिसेकंदांसाठी क्लॉक ७ किलोहर्ट्झच्याही खाली आणावा लागतो, आणि सिग्नल त्याच्या निम्म्याहून खाली, म्हणजे ३ किलोहर्ट्झच्या आसपास फिल्टर करावा लागतो. नाहीतर क्लॉकचीच शिट्टी ऐकू येते. म्हणूनच अशी एकच चिप असलेला बॉसचा डीएम-२ ३०० मिलिसेकंदांवर थांबतो. ४५० हवेत तर दोन चिपांचं पेडल किंवा डिजिटल घ्या. डिजिटलमध्ये टोन नॉब असेल तर रिपीट मुद्दाम बरेच अंधारे करा.

एक पूर्ण टोन शून्यापासून बांधून दाखवाल का?

१०० बीपीएमचं गाणं धरू. कडव्याला तालाचा डिले हवा, मग सोलो. सिंगल कॉइल पिकअपची गिटार, आउटपुटला बफर बसवलेला वाह, फझ फेस, दोन प्रीसेटचा डिले, आणि जोरात वाजवल्यावर जेमतेम फुटू लागणारा ट्यूब ॲम्प.

सगळी पेडल्स बंद ठेवून आधी ॲम्प लावा. अगदी स्वच्छ ॲम्पवर फझ फेस पातळ आणि माशीच्या गुणगुणीसारखा वाजतो, त्याला थोडा तापलेला ॲम्प लागतो. आता फझ चालू करा, फझचा नॉब पूर्ण उघडा आणि मग केसभर मागे घ्या; अगदी टोकाला पुष्कळदा नुसता खरखराट वाढतो. गिटार १० वर ठेवून फझचा व्हॉल्यूम फझ बंद असतानाच्या आवाजापेक्षा किंचित वर येईल असा लावा. त्यानंतर गिटार ६ वर आणा. हा तुमचा कडव्याचा टोन. तो फार पातळ वाटला तर फझला हात न लावता गिटार ६.५ किंवा ७ वर न्या.

डिलेचा पहिला प्रीसेट ४५० मिलिसेकंद, दोन-तीन रिपीट, मिक्स बरोबरीच्या जरा खाली. वर दिलेली चार रिपीटची तपासणी इथे करा. दुसरा प्रीसेट ६०० मिलिसेकंद, तीन-चार रिपीट, मिक्स पावपट.

सोलोला येताना तीन गोष्टी बदलतात: गिटार १० वर, वाह चालू होऊन टेपच्या रेघेवर, डिले दुसऱ्या प्रीसेटवर. वाह चालू करायला चवडा पूर्ण दाबावा लागतो, म्हणजे क्षणभर २२०० हर्ट्झची किंकाळी निघणार. ती टाळायला वाह सोलोच्या आधीच्या ठोक्यात, तारा मफल करून चालू करा आणि पाय रेघेवर आणूनच पहिला स्वर मारा. पहिल्या लांब स्वरावर पाय अगदी थोडा, बोटभर पुढेमागे करा. पूर्ण स्वीप शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवा.

सोलो मोठा होण्याऐवजी मागे गेला असं वाटलं तर फझचा व्हॉल्यूम वाढवण्याआधी वाहची रेघ थोडी पुढे सरकवा. बहुतेक वेळा कमी असतात ते मिड्स, आवाज नाही.

चवडा दाबला की शिट्टी येते. कुठे शोधावं?

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टी थांबली तर दोष पिकअप आणि स्पीकरमधल्या फीडबॅकचा आहे: ॲम्पपासून लांब सरका, फझ कमी करा, पिकअप मेणात बुडवून घ्या. थांबली नाही आणि पाय हलवल्यावर तिचा सूर बदलला तर ती वाह-फझच्या जोडातून येते आहे. बफर किंवा रेझिस्टरचा उपाय तिथेच. पाय हलवूनही सूर तोच राहिला तर पॉवर सप्लायकडे वळा.

तिन्ही पेडल्स एकाच ॲडॉप्टरवर चालतील का?

जुन्या पद्धतीचा पीएनपी जर्मेनियम फझ असेल तर नाही. त्याचं ग्राउंड बॅटरीच्या धन टोकाला असतं, बाकीच्यांचं ऋण टोकाला. एका वायरच्या माळेत दोघांना जोडलं की ऑडिओ केबलच्या शील्डमधून सप्लाय शॉर्ट होतो. त्याला बॅटरी द्या किंवा आयसोलेटेड सप्लायचं स्वतंत्र आउटपुट. हा फझ एक मिलिॲम्पिअरहूनही कमी ओढतो, त्यामुळे बॅटरी खूप टिकते. फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढायला विसरू नका. डिजिटल डिले कित्येक पट जास्त करंट ओढतो आणि त्याच्या क्लॉकचा बारीक किणकिणाट सामायिक सप्लायमधून फझमध्ये शिरतो, जिथे तो काही शे पटींनी वाढतो. डिलेलाही वेगळं आउटपुट हवं.

गिल्मरचा तो सीगल पक्ष्यासारखा आवाज वाहमधून कसा निघतो?

१९७१ च्या 'एकोज'मध्ये ऐकू येणारी ती किंकाळी वाह उलटा जोडून काढलेली आहे. गिटारची केबल वाहच्या आउटपुटला आणि ॲम्पकडे जाणारी इनपुटला लावायची, मग वाह चालू करायचा. मंडळ स्वतःच ओरडू लागतं. सूर पायाने बदलतो, आणि गिटारच्या टोन व व्हॉल्यूम नॉबनेही, म्हणून पाय स्थिर ठेवून टोन नॉब हळूहळू फिरवत बसा. तारा वाजवायच्याच नाहीत. पुढे लांब डिले लावला की एकाच पक्ष्याचा थवा होतो.

हे जुन्या आराखड्याच्या वाहवरच जमतं. ज्यांच्या इनपुटला वेगळा बफर आहे ते उलटे जोडल्यावर बहुधा गप्प बसतात. पेडलला इजा होत नाही. ॲम्पचा आवाज मात्र आधी पूर्ण उतरवा, कारण ही किंकाळी नेहमीच्या गिटारपेक्षा खूप मोठी असते आणि आधी सूचना देत नाही.